आजीचे सागरगोटे

सुट्टीत मुलांना झोपवताना सांगायच्या गोष्टीत एखादा खेळ अगदी नीट खेळून दाखवावा. सकाळी मूल तोच मागतं. ही त्यातलीच एक गोष्ट.

दुपारचं ऊन रणरणत होतं. आजी म्हणाली, "मने, आज खेळ तू निवडायचा." मनूला पत्ते नको होते, सापशिडीही नको. फडताळातल्या डब्यात तिला पाच करड्या, टणक बिया सापडल्या.

"आजी, हे काय गं?"

"सागरगोटे! काटेरी शेंगेतल्या बिया त्या. चल, मांड डाव."

आजीने पाचही फरशीवर टाकले. एक उचलून वर उडवला, तो खाली येईतो जमिनीवरचा एक टिपला आणि त्याच हाताने वरचा झेलला. चारही असेच एकेक करून उचलले. मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. शेजारच्याला धक्का लागला किंवा झेल सुटला, की डाव दुसऱ्याचा.

मनू सारखी बाद व्हायची. "खालचे कुठे पडलेत ते आधीच हेरून ठेव," आजी म्हणाली, "उडवल्यावर नजर वरच्यावर." तिन्हीसांजेला मनूची दुसरी फेरी पुरी झाली आणि आजीचा डाव तिसरीतच सुटला!

गोष्ट ऐकून मूल सकाळी हट्ट धरेल, तेव्हा आधी तीनच द्या. तान्ह्या भावंडांपासून मात्र बिया लांब ठेवा, ती तोंडात घालतात.