कूलंटच्या टाकीतले बुडबुडे

खंबाटकीच्या घाटात आमच्या ११ वर्षांच्या पेट्रोल गाडीचा काटा तिसऱ्यांदा लाल रेघेवर गेला, तोवर थर्मोस्टॅट, पंखा आणि वॉटर पंप तिन्ही नवे बसवून झाले होते. दर पंधरवड्याला कूलंट कमी व्हायचं, गाडीखाली मात्र थेंबही दिसायचा नाही. शेवटी साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सकाळी थंड इंजिनावर टाकीचं झाकण काढलं, गाडी सुरू करायला लावली आणि म्हणाला, "आता नुसतं बघत बसा." मिनिटभरात बुडबुडे यायला लागले, ते थांबेचनात. टाकीला हात लावला तर गार. म्हणजे हे उकळणं नव्हतंच.

"हेड गॅस्केट उडालंय."

इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं गॅस्केट असतं. सिलिंडरपासून काही मिलिमीटरवरच कूलंटच्या वाटा असतात. घाट चढताना सिलिंडरमधला दाब हवेच्या दाबाच्या पन्नासपट किंवा त्याहूनही वर जातो, तर कूलंटचा दाब साधारण दुप्पट झाला की झाकणातली झडप उघडते. मधल्या गॅस्केटला बारीकशी फट पडली, की जळालेला वायू कूलंटमध्ये घुसतो. तो कूलंटला झाकणावाटे बाहेर ढकलतो. आत वायूचे कप्पे साचतात, पंपाला ओढायला पाणी उरत नाही आणि काटा चढतो. सपाट रस्त्यावर दाब कमी असल्याने गाडी शहाण्यासारखी वागते, म्हणूनच आम्ही फसलो.

गाडी बंद केली की उलटा प्रकार होतो. सिलिंडरमधला दाब जातो, पण तापलेल्या कूलंटचा काही वेळ टिकतो. मग कूलंट त्याच फटीतून सिलिंडरमध्ये झिरपतं. पुढच्या वेळी इंजिन अडखळत सुरू होतं आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघतो. थंडीतल्या सकाळी दिसणारी वाफ वेगळी, ती इंजिन तापलं की विरते. लिटरभर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणीच तयार होतं, त्यामुळे तिला घाबरू नये. इंजिन पुरतं तापूनही धूर राहिला, तर मात्र तो कूलंटचाच समजावा. बुडबुड्यांचंही तसंच. नुकतंच कूलंट बदललं असेल, तर अडकलेली हवा थोडा वेळ येते आणि थांबते.

खात्रीसाठी मिस्त्रीने टाकीवरची हवा एका निळ्या द्रवातून ओढली. तो पिवळा झाला, म्हणजे त्या हवेत कार्बन डायऑक्साइड होता. तो इंजिनातल्या जाळातूनच आलेला.

हेड उतरवल्यावर त्याने सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेजची पाती सरकवली. वारंवार तापून ॲल्युमिनियमचं हेड वाकलं होतं. ते सपाट न करता नवं गॅस्केट बसवलं असतं, तर तेही उडालं असतं.

बुडबुड्यांची ही परीक्षा घरीही करता येते, पण फक्त रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं, तर दाब सुटताच आतलं कूलंट उकळून थेट तोंडावर येतं.