टीव्ही किती मागे चालतो?

टीव्हीच्या खोक्यावर ‘रिस्पॉन्स टाइम १ मिलिसेकंद’ असं ठळक छापलेलं असतं. गेम खेळणाऱ्याला हवा असलेला आकडा मात्र हा नाही. रिस्पॉन्स टाइम म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ. कन्सोलकडून चित्र आल्यापासून ते पडद्यावर उमटेपर्यंत जो वेळ जातो, तो इनपुट लॅग. दोन्हींचा एकमेकांशी संबंध थोडाच. पहिला अगदी कमी असलेल्या टीव्हीवरही बटण दाबल्यानंतर गाडी वळायला उशीर होऊ शकतो, कारण टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, मोठं करतो, साफ करतो आणि मग दाखवतो.

हा उशीर घरी मोजता येतो. त्यासाठी २४० फ्रेमचं स्लो-मोशन घेणारा फोन लागतो, एखादा जुना कन्सोल लागतो आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे काचेच्या नळीचा जुना डबा टीव्ही. या डब्यात चित्र साठवायची सोयच नसते. सिग्नल जसा येतो तसा इलेक्ट्रॉनचा झोत तो वरून खाली रेखत जातो. त्यामुळे त्याचा उशीर शून्य धरता येतो आणि नवा टीव्ही त्याच्या किती मागे आहे तेवढंच मोजायचं उरतं. फक्त शेवटच्या काळातले, जाहिरातीत ‘१०० हर्ट्झ’ म्हणवणारे डबे यासाठी घेऊ नयेत. ते चित्र डिजिटल स्मृतीत साठवूनच दाखवतात.

पडद्यावर दाखवायला चाचणीचं चित्र हवं. मेक्सिकोच्या आर्तेमियो उर्बिना यांनी जुन्या कन्सोलसाठी 240p Test Suite नावाची मोफत प्रणाली लिहिली आहे. ती निंटेंडो वी, ड्रीमकास्ट, मेगा ड्राइव्ह अशा अनेक यंत्रांवर चालते. तिच्यातली Lag Test उघडली की पडद्यावर चालू घड्याळ दिसतं. तास, मिनिटं, सेकंद आणि त्यापुढे फ्रेमचा आकडा. हा आकडा सेकंदाला ६० वेळा बदलतो, म्हणजे प्रत्येक आकडा सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतो.

कन्सोलची पिवळी व्हिडिओ वायर साध्या दुफाट्याने दोन्ही टीव्हींना जोडा. सिग्नल वाटला गेल्यामुळे चित्र थोडं मंद दिसेल, मोजमापाला त्याने बाधा येत नाही. कन्सोल ६० हर्ट्झवरच ठेवा. आपल्याकडचे जुने टीव्ही ‘पाल’ पद्धतीचे, त्यामुळे काहींवर ६० हर्ट्झचं चित्र काळं-पांढरं येतं. आकडे वाचता आले की पुरे. चित्र एकसारखं वर सरकत राहिलं तर मात्र तो डबा उपयोगाचा नाही.

आता दोन्ही पडदे शेजारी ठेवून एकाच चौकटीत घ्या. फोन स्टँडवर असू द्या, फोकस आणि एक्स्पोजर बोट दाबून धरून लॉक करा आणि खोलीतले दिवे बंद करा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि स्लो-मोशनमध्ये ते डोळ्यांत भरतं. अर्धा मिनिट चित्रण भरपूर झालं. ही फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका, तिथे व्हिडिओ दाबला जातो आणि फ्रेम गळू शकतात. मूळ फाइल वायरने संगणकावर घ्या. व्हीएलसीमध्ये ‘E’ हे बटण दाबलं की व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकतो.

पहिल्यांदा पाहताना माणूस चकित होतो. नव्या टीव्हीवर पूर्ण चित्र दिसतं, पण डब्यावर एक उजळ पट्टा तेवढा दिसतो आणि तो चार फ्रेममध्ये वरून खाली उतरतो. बाकीचा पडदा काळोखा. तो पट्टा म्हणजे झोत त्या क्षणी रेखत असलेला भाग. आकडा पडद्याच्या मध्यावर असेल तर झोत तिथे पोचेपर्यंत अर्ध्या चित्राचा वेळ, म्हणजे आठेक मिलिसेकंद, गेलेले असतात. नवा टीव्हीही साधारण वरून खालीच चित्र बदलतो. म्हणून दोन्हीकडे तोच आकडा, पडद्याच्या त्याच उंचीवर पाहायचा. एकीकडे वरचं आणि दुसरीकडे खालचं पाहिलं की उत्तर फसतं.

मोजण्याआधी फोनची परीक्षा घ्यावी. डब्यावरचा फ्रेमचा आकडा १० वरून ४० वर जायला अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात व्हिडिओच्या १२० फ्रेम सरकायला हव्यात. बऱ्याच कमी-जास्त भरल्या तर फोन खरे २४० देत नाही. ‘९६० फ्रेम’ म्हणून मिरवणाऱ्या काही फोनमध्ये मधल्या फ्रेम प्रत्यक्ष टिपलेल्या नसतात, फोनने स्वतः रचलेल्या असतात. शेजारच्या दोन फ्रेम हुबेहूब सारख्या किंवा आकडे एकमेकांत विरघळलेले दिसले की समजावं.

समजा, डब्यावर २७ हा आकडा व्हिडिओच्या ४१०व्या फ्रेमला उजळला. नव्या टीव्हीवर तोच २७ वाचता येण्याजोगा झाला ४३४व्या फ्रेमला. फरक २४ फ्रेमचा. एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची, म्हणजे उशीर १०० मिलिसेकंद. आता टीव्हीचा गेम मोड चालू करून पुन्हा मोजलं आणि फरक ११ फ्रेम आला, तर उशीर ४६ मिलिसेकंदांवर उतरला. एवढा फरक हाताला स्पष्ट जाणवतो. नव्या पडद्यावर जुना आकडा विरत असताना नवा उमटत असतो, म्हणून ‘वाचता येण्याजोगा’ कधी म्हणायचं हे एकदा ठरवून शेवटपर्यंत तेच पाळावं. एका मोजणीत एखाद्या फ्रेमची चूक होतेच. वेगवेगळ्या आकड्यांवर मोजून सरासरी काढली की ती बरीचशी पुसली जाते.

गेम मोडमध्ये वाचलेला वेळ कुठे जात होता? हालचाल गुळगुळीत दाखवण्यासाठी टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःचं तिसरं चित्र घालतो. मधलं चित्र बनवायचं तर पुढचं आलेलं असावं लागतं, म्हणून त्याला थांबणं भागच पडतं. पिवळ्या वायरवर आणखी एक थांबा असतो. जुन्या कन्सोलचं चित्र अनेक टीव्ही एकाआड एक ओळींचं समजतात आणि ओळी जुळवण्यात वेळ घालवतात. हा थांबा गेम मोडमध्येही राहू शकतो.

काही जण डब्याशिवाय मोजतात. कंट्रोलरवरचं बोट आणि पडदा एकत्र चित्रित करतात आणि बटण दाबल्यापासून चित्र बदलेपर्यंतच्या फ्रेम मोजतात. त्या आकड्याला टीव्हीचा लॅग म्हणणं मला पटत नाही. त्यात कंट्रोलर, कन्सोल आणि खेळ यांचाही वेळ मिसळलेला असतो. शिवाय बटणाचा आतला संपर्क नेमका कधी जुळला हे बोटाकडे पाहून कळत नाही. एकाच टीव्हीवर दोन सेटिंगची तुलना करायला मात्र ही रीत चांगली, कारण वजाबाकीत बाकी सगळं निघून जातं.

पिवळ्या वायरवर मिळालेलं उत्तर त्या सॉकेटपुरतंच खरं असतं. एचडीएमआयचा लॅग हवा असेल तर डब्याच्या जागी ज्याचा लॅग माहीत आहे असा मॉनिटर ठेवावा आणि एचडीएमआय स्प्लिटरने दोन्हींना एकच चित्र द्यावं. मोजलेल्या फरकात मॉनिटरचा लॅग मिळवला की टीव्हीचा लॅग हाती येतो. पुष्कळ टीव्हींवर गेम मोड प्रत्येक सॉकेटसाठी वेगळा लावावा लागतो, म्हणून मोजण्याआधी त्याच सॉकेटचा मेनू उघडून तो चालू आहे का, हे पाहून घ्यावं.