पाचव्या मिनिटासाठी लिहिलेले पत्र

मी भोपाळमध्ये लहान मुलांचा डॉक्टर आहे. मी लिहिलेले बहुतेक कागद केमिस्ट वाचतो, नाहीतर दुसरा डॉक्टर. एक कागद मात्र वर्गशिक्षिका वाचतात, आणि तोही समोर जमिनीवर पडलेल्या मुलाला झटके येत असताना. आकडी येणाऱ्या मुलाच्या शाळेला लिहिलेले हे पत्र असते. रोजचे औषध कोणते, किती, केव्हा आणि आकडी थांबलीच नाही तर काय करायचे, एवढाच त्यातला मजकूर. तरी ते नीट लिहायला मला प्रिस्क्रिप्शनपेक्षा जास्त वेळ लागतो.

नमुन्यादाखल एक मुलगी घेऊ. तिसरीत शिकणारी, वय आठ, वजन २५ किलो. तिला सर्वांगाला झटके येणारी आकडी आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. आई ‘फिट’ म्हणते, आजी ‘आकडी’ म्हणते, शाळेतल्या ताई ‘मिर्गी का दौरा’ म्हणतात, आणि ‘दौरा’ हा शब्द हृदयविकारालाही चालतो. म्हणून पत्राची सुरुवात आजाराच्या नावाने करून भागत नाही. तिची आकडी दिसते कशी ते लिहावे लागते: ‘एकदम ओरडते, ताठ होते, पडते, मग हातपाय लयीत झटकतात, तोंडातून फेस येतो, ओठ काळसर दिसू शकतात. बहुतेक वेळा दोन मिनिटांत आपोआप थांबते. नंतर अर्धा-पाऊण तास झोपते.’ हे वाचून बाईंना कळते की काळसर ओठ आणि फेस हा तिच्या नेहमीच्या आकडीचा भाग आहे, आणि घड्याळाकडे बघायला त्यांना थोडे बळ मिळते.

आता रोजचे औषध. या मुलीला लेव्हेटिरासिटॅमचे सिरप आहे, एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे. सकाळी सातला ५ मिलिलिटर, संध्याकाळी सातला ५ मिलिलिटर. म्हणजे दिवसाला १,००० मिलिग्रॅम, किलोमागे ४०. दोन्ही वेळा घरीच, शाळेत काही द्यायचे नाही. मग शाळेला हे सांगायचे कशाला?

कारण लहान मुलांच्या शरीरात हे औषध फार टिकत नाही. साधारण सहा तासांत रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. रात्री सातच्या मात्रेनंतर ते सकाळी सातला चौथ्या हिश्शावर आलेले असते, आणि तेवढ्यात पुढची मात्रा पोटात जाते. पण सकाळी शाळेची बस हॉर्न देते, डबा भरायचा असतो, आणि चुकतेही नेमकी हीच मात्रा. मग दुपारी एकला, म्हणजे शेवटच्या मात्रेनंतर अठरा तासांनी, रक्तात आठवा हिस्साच उरतो. मात्रा घरी चुकते आणि आकडी वर्गात येते. त्यामुळे पत्रात एक ओळ असतेच: ‘सकाळची मात्रा राहिली असे पालकांनी फोनवर कळवले, तर दुपारी एकपर्यंत पालक शाळेत येऊन ती देतील. त्यानंतर द्यायची नाही, संध्याकाळची मात्रा नेहमीचीच राहील, दुप्पट नाही.’ बसमध्ये उलटी झाली तरी घरी कळवायचे, कारण औषध घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली असेल तर ते बाहेर पडलेले असू शकते.

याच औषधाची आणखी एक गोष्ट बाईंना माहीत हवी. लेव्हेटिरासिटॅममुळे काही मुले चिडचिडी होतात, रडवेली होतात, क्वचित मारायलाही धावतात. हा बदल सर्वांत आधी दिसतो तो वर्गात. तेव्हा शिक्षा न करता तो वहीत लिहून पाठवा, असे मी पत्रात आग्रहाने लिहितो. त्या नोंदीवरून औषधाची मात्रा किंवा औषधच बदलता येते.

पत्राचा दुसरा भाग फक्त पाच मिनिटांसाठी आहे, आणि ही पाच मिनिटे मनमानी ठरवलेली नाहीत. सर्वांगाची आकडी बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत स्वतःहून विझते, कारण मेंदूत तिला आवर घालणारी यंत्रणा असते. गाबा नावाचे रसायन पेशींच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकांना चिकटते आणि पेशीला शांत करते. आकडी लांबली की हे ग्राहक पृष्ठभागावरून पेशीच्या आत ओढले जाऊ लागतात. आकडी थांबवणारी आपली तातडीची औषधे नेमकी याच ग्राहकांवर काम करतात. म्हणजे जसजसा वेळ जातो, तसतसा औषधाला धरायला आधारच कमी उरतो. पाच मिनिटांपलीकडे गेलेली आकडी आपोआप थांबण्याची शक्यता कमी होते आणि औषधाने थांबण्याचीही. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१५मध्ये उपचार सुरू करण्याची वेळ म्हणून पाच मिनिटे मानली ती यासाठी. तीस मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका सुरू होतो. शाळेतून हमीदिया किंवा एम्सपर्यंत पोचायलाच किती वेळ लागतो, हे दुपारच्या रहदारीत गाडी चालवणाऱ्या भोपाळकराला सांगायला नको. पहिली मात्रा शाळेतच मिळायला हवी.

ते औषध म्हणजे मिडाझोलाम, नाकात मारायचा फवारा. पूर्वी यासाठी डायझेपाम गुदद्वारातून द्यावे लागे, आणि भर वर्गात ते कोण करणार? १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला एक अभ्यास इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेतच झाला होता. गालाच्या आत सोडलेल्या मिडाझोलामने ४०पैकी ३० आकड्या थांबल्या, गुदद्वारातून दिलेल्या डायझेपामने ३९पैकी २३. एवढ्या आकड्यांवरून मिडाझोलाम सरस ठरत नाही, पण ते कमी पडत नाही हे दिसले. त्याची रचनाही कामाची आहे. बाटलीतल्या आम्लधर्मी द्रावणात त्याच्या रेणूचे एक कडे उघडे असते आणि ते पाण्यात विरघळते. शरीरात आम्लता गेली की कडे मिटते, रेणू स्निग्ध पदार्थात विरघळणारा होतो आणि मेंदूत शिरतो. नाकाच्या अस्तरातून ते थेट रक्तात जाते, गिळावे लागत नाही. आकडीत गिळता येत नाहीच.

मात्रा वजनावर ठरते. नाकातून किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे २५ किलोच्या या मुलीला ५ मिलिग्रॅम. पत्र नेमके इथे घसरते. आपल्या बाजारात दोन ताकदींचे फवारे मिळतात. एकाच्या प्रत्येक दाबात अर्धा मिलिग्रॅम औषध येते, दुसऱ्याच्या दाबात १.२५ मिलिग्रॅम. डॉक्टरने १.२५चा फवारा मनात धरून ‘चार दाब’ लिहिले आणि केमिस्टने अर्ध्याचा दिला, तर मुलीला ५ऐवजी २ मिलिग्रॅम मिळते. आकडी थांबत नाही, आणि सगळे म्हणतात औषध लागू पडले नाही. उलट झाले, म्हणजे अर्ध्याच्या फवाऱ्याचे दहा दाब लिहिलेले आणि हातात १.२५चा आला, तर साडेबारा मिलिग्रॅम जाते आणि श्वास मंदावू शकतो. म्हणून मी पत्रात आकडा दोनदा लिहितो, एकदा मिलिग्रॅममध्ये आणि एकदा दाबांत, आणि बाटलीवरची ताकद जशीच्या तशी उतरवतो: ‘प्रत्येक दाबात १.२५ मिलिग्रॅम. एकूण चार दाब: उजव्या नाकपुडीत दोन, डाव्या नाकपुडीत दोन. एकूण ५ मिलिग्रॅम.’ पत्र शाळेला देण्याआधी पालकांनी ती बाटली मला आणून दाखवावी, हा माझा हट्ट असतो. मगच सही.

नव्या बाटलीचा पंप कोरडा असतो. पहिले काही दाब हवेतच जातात. तेच दाब नाकात मारून बाई ‘चार’ मोजतील, तर मुलीला औषध मिळणारच नाही. फवारा दिसेपर्यंत हवेत दाबून घेणे हे काम पालकांनी बाटली शाळेत देतानाच करायचे, आणि वापरापूर्वी पुन्हा एकदा हवेत दाबून बघायचे. नाक वाहत असेल तर आधी पुसायचे.

पत्रातला पुढचा क्रम असा आहे. आकडी सुरू झाली की एकाने घड्याळ बघून वेळ फळ्यावर लिहायची, कारण घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही पाच मिनिटांसारखे वाटते. डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेला स्वेटर, आजूबाजूची बाके दूर. हातपाय धरून ठेवायचे नाहीत. तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालायचे नाही. चप्पल किंवा कांदा हुंगवायचा नाही. आकडी कांद्याने थांबली असे वाटते ते ती तशीही दोन मिनिटांत थांबणार असते म्हणून. पाच मिनिटे झाली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आकडी सुरू झाली, तर चार दाब आणि त्याच वेळी १०८ला फोन. झटके थांबले की कुशीवर वळवायचे आणि श्वासाकडे लक्ष ठेवायचे. औषध दिल्यावर काही मिनिटांत झटके ओसरायला हवेत. न ओसरल्यास शाळेने दुसरी मात्रा द्यायची नाही, कारण श्वास मंदावण्याचा धोका वाढतो आणि तो सांभाळायला रुग्णवाहिकाच लागते. ही ओळ मी मोठ्या अक्षरांत लिहितो.

आणि कपाटाची किल्ली. मिडाझोलाम कुलपात ठेवणे योग्यच, पण किल्ली मुख्याध्यापिकांच्या पर्समध्ये असेल आणि त्या बैठकीला गेल्या असतील, तर पाच मिनिटांची वीस होतात. किल्ली कुठे आणि कोणाकडे, हे दोन नावांनिशी पत्रातच लिहावे. बाटली बसमध्ये किंवा खिडकीत ठेवायची नाही. भोपाळचा एप्रिल चाळीस अंश ओलांडतो आणि औषधाला सावली लागते. शाळेची सहल भीमबेटकाला जाणार असेल तर बाटली आणि पत्राची प्रत त्या बसमधल्या शिक्षिकेकडे हवी, आणि मुक्कामाची सहल असेल तर संध्याकाळी सातचे सिरप देणारे नावही. मोठ्या तलावावर नौकाविहार करायला हरकत नाही. लाइफ जॅकेट आणि तिच्याकडेच बघणारे एक मोठे माणूस हवे, एवढेच. तिला वर्गात बसवून ठेवा असे मी कधीच लिहीत नाही.

काही पालक हे पत्र शाळेला देतच नाहीत, मुलगी असेल तर जास्तच. लग्नाच्या वेळी कोणी ते काढून दाखवील ही भीती आजही आहे. अपस्मार हे हिंदू विवाह कायद्यातले विवाह रद्द ठरवण्याचे कारण १९९९मध्येच काढून टाकले गेले, हे त्यांना सांगावे लागते. आणि हेही सांगावे लागते की लपवलेल्या आकडीसाठी शाळेत फवारा नसतो.

मुले वाढतात, पत्र मात्र वाढत नाही. हीच मुलगी पुढच्या वर्षी ३० किलोची झाली तर तिला ५ नाही, ६ मिलिग्रॅम लागेल, आणि जुन्या कागदावर चार दाबच असतील. ते सहा मिलिग्रॅम १.२५च्या फवाऱ्याने अचूक मोजताही येत नाहीत, पाच दाबांत सव्वासहा होतात. ते चालेल की नाही, हे डॉक्टरने ठरवून लिहायचे, बाईंनी नाही. या लेखातली मात्रा फक्त या नमुन्याची आहे. तुमच्या मुलाच्या पत्रावर तारीख, त्या दिवशीचे वजन, बाटलीची ताकद आणि बाटलीची मुदत, या चार गोष्टी आहेत का, ते आज संध्याकाळी काढून बघा. एक जरी नसेल तर पत्र घेऊन तुमच्या डॉक्टरकडे जा, आणि बाटली सोबत न्या.