न वाढणाऱ्या रुळातला दाब

दोन भक्कम भिंतींच्या मध्ये पोलादाची कांब घट्ट बसवली आणि ती तापवली, तर बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. कांब लांब होत नाही, भिंती हलत नाहीत. मोकळी असती तर तापल्यावर ती जेवढी वाढली असती, तेवढीच भिंतींनी तिला दाबून परत आखूड केलेली असते. ही दाबण्याची क्रिया डोळ्याला दिसत नसली, तरी कांबेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर तिचा भार असतो. त्या भाराला औष्णिक प्रतिबल म्हणतात.

हा भार किती, हे दोनच गोष्टींवरून कळते. रुळाचे पोलाद तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की दर मीटरला सुमारे ०.०११५ मिलिमीटर वाढते. ही वाढ नगण्य वाटते, पण पोलाद दाबायला फार कठीण असते. भारतीय रेल्वेच्या हिशोबात त्याचा स्थितिस्थापकता गुणांक दर चौरस सेंटिमीटरला साडेएकवीस लाख किलो धरतात. दोन्ही आकडे गुणले, की एका अंशाच्या तापमानवाढीने पूर्ण जखडलेल्या पोलादात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २५ किलो दाब तयार होतो. मुख्य मार्गांवर वापरल्या जाणाऱ्या, मीटरमागे ६० किलो वजनाच्या रुळाचा छेद ७७ चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे दर अंशाला एकेका रुळात साधारण १.९ टन बळ साठते.

या गुणाकारात लांबी कुठेच आलेली नाही. एक मीटरची कांब असो वा पन्नास किलोमीटरचा रूळ, पूर्ण जखडलेला असेल तर त्याच तापमानवाढीला दाब तोच राहतो. लांबीचा प्रश्न येतो तो भिंत थोडीशी सरकते तेव्हा. १३ मीटरचा रूळ २५ अंशांनी तापला, तर मोकळेपणी तो पावणेचार मिलिमीटर वाढला असता. त्याच्या टोकाची भिंत एक मिलिमीटर जरी मागे सरली, तरी दाबाचा चौथा हिस्सा निघून जातो. पाचशे मीटरचा रूळ तेवढ्याच तापमानवाढीला १४४ मिलिमीटर वाढला असता. तिथे भिंत एक मिलिमीटर सरली काय आणि न सरली काय, दाबात जेमतेम पाऊण टक्क्याचा फरक पडतो. आखूड कांबेला खरोखरच अढळ भिंत लागते, लांब रुळाला मात्र बऱ्यापैकी भिंतही पुरते.

जुन्या लोहमार्गात हा प्रश्न टाळलेला होता. तेरा-तेरा मीटरचे रूळ फिशप्लेटने जोडत आणि सांध्यात मुद्दाम फट ठेवत. उन्हात रूळ वाढला की फट मिटायची. मात्र प्रत्येक फटीवर चाक आदळत असल्याने रुळांची टोके झिजत, सांधे खचत आणि देखभाल वाढे. म्हणून रूळ एकमेकांना वितळजोडाने जोडून लांबच लांब सलग मार्ग करण्याची पद्धत आली. फट गेली, तशी वाढायची जागाही गेली. वाफेच्या नळ्यांना कारखान्यात मध्येच चौकोनी वळसा देतात, म्हणजे नळीला वाकून वाढ सामावून घेता येते. रुळाला तशी सोय करता येत नाही. त्याला सरळच राहावे लागते आणि दाब सोसावा लागतो.

इथे भिंती कुठे आहेत, असा प्रश्न साहजिक आहे. सलग रुळाच्या टोकाला काँक्रीटची भिंत नसते, उलट तिथे टोकाला हालचाल करू देणारा खास सांधा, स्विच एक्सपान्शन जॉइंट, बसवलेला असतो. रुळाला धरून ठेवतात ते स्लीपर आणि स्लीपरना धरून ठेवते ती खडी. एका रुळाच्या वाट्याला खडी दर मीटरला सुमारे ०.७ टन विरोध करते असे धरू. रूळ २५ अंशांनी तापला तर पूर्ण दाब साडेसत्तेचाळीस टनांचा होतो. टोकाला दाब शून्य असतो. तिथून आत जाताना प्रत्येक मीटरला खडीचा विरोध साठत जातो आणि साधारण ६८ मीटरवर साडेसत्तेचाळीस टन पूर्ण होतात. तिथून पुढचा सगळा रूळ, मग तो किलोमीटर असो की शंभर किलोमीटर, जागचा हलत नाही. टोकाचा हा पट्टा मात्र हलतो, आणि सर्वांत टोकाचा बिंदू सुमारे दहा मिलिमीटर सरकतो. रेल्वेचे लोक या पट्ट्याला ‘ब्रीदिंग लेंग्थ’ म्हणतात. सलग रुळाची भिंत ती हीच: खडीत रुतलेले स्लीपर आणि पलीकडचा स्वतःचाच उरलेला रूळ.

हे बळ मोठे असले, तरी पोलाद चिरडण्याइतके ते कधीच नसते. २५ अंशांना दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६२० किलो दाब येतो, तर सामान्य रुळाच्या पोलादाची ताणशक्ती ९,००० किलोच्या घरात असते. खरा धोका रूळ बाजूला वाकण्याचा आहे. लांब आणि सडपातळ वस्तू दोन्ही टोकांनी दाबली, की ती चिरडण्याच्या कितीतरी आधी कमानीसारखी फुगते. अशी कमान होण्यासाठी लागणारी जादा लांबी अगदी थोडी असते. बारा मीटरचा तुकडा ४० अंशांच्या वाढीने साडेपाच मिलिमीटर लांबू पाहतो. ही साडेपाच मिलिमीटर लांबी कमानीत मावायची तर मध्यभाग सुमारे १६ सेंटिमीटर बाहेर यावा लागतो. प्रत्यक्षात शेजारचा दाबलेला रूळही आपली लांबी त्या कमानीत ढकलतो, त्यामुळे फुगवटा याहून मोठा होऊ शकतो. एवढ्या वाकड्या मार्गावरून गाडी धड जात नाही.

म्हणूनच रूळ कोणत्या तापमानाला जखडला जातो, याला सर्वाधिक महत्त्व आहे. त्या तापमानाला रुळात दाबही नसतो आणि ताणही नसतो. वर गेले की दाब, खाली गेले की ताण. विदर्भातल्या एखाद्या मार्गावर रुळाचे तापमान उन्हाळ्यात ७० आणि हिवाळ्याच्या पहाटे ८ अंशांपर्यंत जाते, असे समजू. उन्हातला रूळ हवेपेक्षा वीसेक अंश अधिक तापतो, हे लक्षात घेतले म्हणजे ७० चा आकडा अवास्तव वाटणार नाही. या दोन टोकांचा मध्य ३९ येतो. पण जड रुळांसाठी भारतीय रेल्वे मध्यापेक्षा ५ ते १० अंश वरचे तापमान निवडते. इथे ४५ धरले, तर उन्हाळ्यात २५ अंशांचा म्हणजे साडेसत्तेचाळीस टनांचा दाब येतो, आणि हिवाळ्यात ३७ अंशांचा म्हणजे सुमारे ७० टनांचा ताण. हिवाळ्याचा बोजा जाणूनबुजून वाढवलेला आहे. ताणाने रूळ तुटला तर थोडी फट पडते. जिथे रुळांतून सिग्नलचा वीजप्रवाह जातो, तिथे तो खंडित होऊन सिग्नल लाल होण्याची चांगली शक्यता असते, आणि लहान फटीवरून चाक बहुधा पार होते. दाबाने मार्ग वाकला तर अशी कुठलीच सवलत मिळत नाही. दोन अपयशांपैकी कमी घातक अपयश निवडले आहे, आणि ही निवड योग्य आहे.

रूळ ठरलेल्या तापमानाला आणण्याच्या कामाला डिस्ट्रेसिंग म्हणतात. वाहतूक थांबवून रुळाच्या क्लिपा काढतात, रूळ उचलून रोलरवर ठेवतात आणि लाकडी मोगरीने ठोकत त्यातला अडकलेला ताण मोकळा करतात. त्या वेळी रूळ नेमका ४५ अंशांवर असेलच असे नाही. समजा तो ३३ वर आहे. पाचशे मीटरच्या तुकड्याला आणखी १२ अंशांची उणीव आहे, म्हणजे ६९ मिलिमीटर लांबी कमी आहे. मग एक टोक बांधून दुसरे टोक हायड्रॉलिक यंत्राने, रेल टेन्सरने, तेवढे खेचतात. दर शंभर मीटरवर आधीच खुणा केलेल्या असतात. बांधलेल्या टोकापासून त्या १४, २८, ४१, ५५ आणि ६९ मिलिमीटर सरकल्या पाहिजेत. मधली खूण मागे राहिली तर रूळ कुठेतरी अडकला आहे आणि ताण सारखा पसरलेला नाही. खुणा जुळल्या की क्लिपा बसवतात आणि थर्मिट पद्धतीने सांधा जोडतात. त्या क्षणी रूळ ३३ अंशांचाच असतो, पण ताणून बांधल्यामुळे पुढे आयुष्यभर तो ४५ अंशांवर जोडल्यासारखा वागतो.

गडबड सहसा नंतरच्या दुरुस्तीत होते. हिवाळ्यात १० अंशांवर एक रूळ तुटला असे धरू. ३५ अंशांचा ताण सुटून दोन्ही बाजूंचे साधारण ९५ मीटर रूळ मागे आकसतात आणि सुमारे ३८ मिलिमीटरची फट पडते. घाईत ती फट जादा पोलाद घालून बुजवली आणि रूळ खेचून घेतला नाही, तर तुटीपाशी शून्य दाबाचे तापमान ४५ वरून थेट १० वर उतरते. दिसायला मार्ग पूर्ण बरा, गाड्याही सुरळीत. उन्हाळ्यात मात्र त्याच ठिकाणी ६० अंशांचा, म्हणजे ११४ टनांचा दाब साठतो, ठरवलेल्यापेक्षा दुपटीहून अधिक. फट बुजवताना घातलेले पोलाद नंतर कापून काढणे आणि तो भाग पुन्हा डिस्ट्रेस करणे, याला पर्याय नाही.

दाब बाहेरून दिसत नसल्याने त्याची लक्षणे शोधावी लागतात. टोकाच्या सांध्यातली फट ऋतूला न शोभणारी असणे, रुळावरच्या खुणा खांबांपासून सरकलेल्या असणे, दुपारी रुळात बारीक नागमोडी वळणे उमटणे आणि स्लीपरच्या टोकाशी खडीत पोकळी पडणे, ही त्यातली ठळक लक्षणे आहेत. खडी कमी असलेला मार्ग, तीव्र वळण आणि नुकतीच यंत्राने खडी ठोकलेली जागा इथे धोका वाढतो, कारण हलवलेली खडी पुन्हा घट्ट बसेपर्यंत आडवा आधार कमजोर असतो. म्हणून ठरलेल्या तापमानापेक्षा रूळ १० अंशांहून अधिक तापलेला असताना खडी ठोकण्याचे काम करत नाहीत. वीस अंशांहून अधिक तापल्यावर उन्हाळी गस्त सुरू होते. वरच्या उदाहरणात ती ६५ अंशांना सुरू होईल. पण हा हिशोब ४५ या नोंदीवर उभा आहे, आणि ती नोंद चुकीची असेल तर गस्तही उशिरा निघते.