वीस लाख कधीच न होणारी बेरीज

जावा भाषेतला हा छोटासा प्रोग्राम पाहा. त्यात दोन थ्रेड आहेत, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या पोटात एकाच वेळी चालणारी दोन कामं. दोघांनाही नेमून दिलेलं काम एकच आहे:

```java
for (int i = 0; i < 1000000; i++)
    count++;
```

`count` दोघांत सामाईक आहे आणि सुरुवातीला तो शून्य आहे. प्रत्येकानं दहा लाख वेळा एक मिळवायचा, म्हणजे उत्तर वीस लाख यायला हवं. प्रत्यक्षात प्रोग्राम एकदा चालवला तर तेरा लाख आणि काही हजार येतात, पुन्हा चालवला तर अकरा लाखांच्या आसपास, तिसऱ्यांदा आणखी वेगळंच. प्रोग्राम तोच, संगणकही तोच.

`count++` ही एका दमात होणारी कृती वाटते, पण प्रोसेसरच्या लेखी तिचे तीन टप्पे असतात. आधी मेमरीतला आकडा वाचायचा, मग त्यात एक मिळवायचा आणि शेवटी नवा आकडा मेमरीत परत लिहायचा. समजा आकडा 41 आहे. पहिल्या थ्रेडनं 41 वाचला आणि तो परत लिहिण्याआधीच दुसऱ्यानंही 41 वाचला. दोघंही आपापल्या जागी 42 करतात, दोघंही 42 लिहितात. दोनदा मोजलं, पण आकडा एकानंच वाढला. कोण कधी वाचेल, कोण कधी लिहील हे त्या क्षणी प्रोसेसरवर आणखी काय चाललं आहे यावर ठरतं. म्हणून हरवलेल्या बेरजाही दर वेळी वेगळ्या. यालाच रेस कंडिशन म्हणतात.

आकडा कमीत कमी किती येऊ शकेल? बहुतेक जण दहा लाख म्हणतात. कागदावर मांडून पाहिलं तर उत्तर निघतं फक्त 2. पहिला थ्रेड शून्य वाचतो आणि थबकतो. दुसरा आपल्या 9,99,999 फेऱ्या उरकतो. मग पहिला जागा होतो आणि आपल्या जुन्या शून्यात एक मिळवून 1 लिहितो. दुसऱ्याची सगळी मेहनत पुसली गेली. आता दुसरा शेवटच्या फेरीसाठी तो 1 वाचून थांबतो, पहिला आपल्या उरलेल्या सगळ्या फेऱ्या संपवतो, आणि सर्वांत शेवटी दुसरा 2 लिहून मोकळा होतो. असा योग प्रत्यक्षात जुळून येणं जवळपास अशक्यच, पण त्याला नियमांची आडकाठी नाही.

ही चूक पकडायला गेलं की लपते. मधे काय घडतंय ते पाहावं म्हणून लूपमध्ये छपाईची ओळ घातली, तर आकडा अचानक वीस लाखांच्या अगदी जवळ जातो. छपाईला वेळ लागतो, शिवाय तिथे दोन्ही थ्रेडना रांगेत उभं राहावं लागतं, त्यामुळे त्यांची टक्कर क्वचितच होते.

14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा अशाच चुकीमुळे गप्प झाली. दोन प्रक्रियांना एकाच माहितीवर एकाच वेळी लिहिण्याची मुभा मिळाली होती. वाहिन्या बंद पडत गेल्या, पडद्यावर मात्र इशारा नाही. वीज जायला इतरही कारणं होती, पण त्या दुपारी सुमारे 5 कोटी लोक अंधारात गेले. चूक शोधायला पुढे कित्येक आठवडे लागले.

उपाय जुना आहे आणि रेल्वेवाल्यांच्या ओळखीचा. एकेरी मार्गावर टोकनचा गोळा हाती आल्याशिवाय चालकाला गाडी पुढच्या स्टेशनाकडे नेता येत नसे, आणि एका वेळी गोळा एकच मिळे. लॉक म्हणजे तोच गोळा:

```java
synchronized (lock) {
    count++;
}
```

एका थ्रेडकडे लॉक असताना दुसरा दाराशी थांबतो. वाचणं, मिळवणं, लिहिणं हे तिन्ही टप्पे अखंड पार पडतात आणि उत्तर दर वेळी वीस लाखच येतं. अट एवढीच की `count`ला हात लावणाऱ्या प्रत्येक ठिकाणी हेच लॉक हवं. एखादी ओळ गोळा न घेताच निघाली, तर लॉक तिला अडवत नाही.

लॉकची किंमत मोजावी लागते ती वेळात. वर तर ते वीस लाख वेळा घ्यावं लागतं. अनुभवी प्रोग्रामर म्हणूनच प्रत्येक थ्रेडला आधी स्वतःपुरतं मोजू देतात आणि शेवटी एकदाच लॉक घेऊन दोन्ही आकडे मिळवतात.

लॉक दोन झाले की नवीनच पेच पडतो. बँकेच्या प्रोग्राममध्ये एक थ्रेड अ खात्यातून ब खात्यात पैसे पाठवतो, दुसरा ब मधून अ मध्ये. पहिल्यानं अ चं लॉक घेतलं, दुसऱ्यानं ब चं. आता दोघंही समोरच्याच्या लॉकची वाट पाहत बसतात आणि प्रोग्राम चूक न दाखवताच गोठतो. हा डेडलॉक. तो टाळायचा तर पैसे कुठूनही कुठेही जावोत, लहान क्रमांकाच्या खात्याचं लॉक आधी घ्यायचं. मग दुसरा थ्रेडही आधी अ पाशीच येऊन थांबतो आणि ब मोकळं राहतं.