सहलीचा हिशेब

नोएडात राहणारे एक मराठी कुटुंब आहे असे समजू. घरात आई, बाबा, अडुसष्ट वर्षांच्या आजी, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा अशी पाच माणसे आहेत. हिवाळ्याच्या सुटीत आग्रा, ग्वाल्हेर आणि झाशी पाहायची असा सर्वांचा बेत ठरला. १६६६ साली शिवाजी महाराज ज्या आग्र्यास गेले ते शहर, शिंद्यांचे ग्वाल्हेर आणि राणी लक्ष्मीबाईंची झाशी ही तिन्ही ठिकाणे एकाच लोहमार्गावर आहेत. सोमवारी निघावयाचे आणि रविवारी रात्री घरी परतावयाचे असे ठरले. या सहलीसाठी घरात साठ हजार रुपये बाजूला ठेवलेले आहेत. तेवढ्यात ही सहल होईल काय?

हा प्रश्न अंदाजाने सोडवता येत नाही. प्रत्येक खर्च कशाच्या हिशेबाने वाढतो हे आधी पाहावे लागते. रेल्वेचे भाडे माणशी मोजतात, खोलीचे भाडे रात्रीवर मोजतात, जेवण माणशी आणि वेळेगणिक मोजतात, तर गाडीचे भाडे फेरीवर ठरते. ही एकके एकमेकांत मिसळली की हिशेब चुकतो. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे दिवस आणि रात्री सारख्याच धरणे. सोमवार ते रविवार हे सात दिवस झाले, परंतु मुक्काम मात्र सहाच रात्रींचा आहे.

पुढील हिशेबातील दर उदाहरणासाठी गृहीत धरलेले आहेत. तुम्ही हिशेब कराल तेव्हा त्या दिवसांचे दर चौकशी करून घाला.

प्रथम प्रवास पाहू. चारही टप्प्यांचे वातानुकूलित खुर्चीयानाचे भाडे मिळून माणशी २,००० रुपये धरले, तर पाच जणांचे १०,००० रुपये होतात. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेभाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद झाली आहे, म्हणून आजींचे तिकीट पूर्ण धरावे. आठ वर्षांच्या मुलाला स्वतंत्र आसन हवे असल्यास त्याचेही भाडे पूर्णच पडते. रेल्वेनंतर स्थानिक प्रवास येतो. घर ते स्थानक जाणे-येणे १,००० रुपये. तीन शहरांत स्थानक ते निवास अशा सहा फेऱ्या, प्रत्येकी ३०० रुपयांप्रमाणे १,८०० रुपये. एका रिक्षात पाच माणसे आणि सामान मावत नाही, म्हणून मोठ्या गाडीचा दर धरला आहे. आग्रा व ग्वाल्हेर पाहण्यासाठी दिवसभराची गाडी प्रत्येकी १,८०० आणि झाशीहून ओरछाला जाऊन येण्यास २,००० असे ५,६०० रुपये. प्रवासाची एकूण बेरीज १८,४०० रुपये झाली.

आता निवास. दोन खोल्या प्रत्येकी १,८०० रुपयांच्या आणि पाचव्या माणसासाठी जादा गादीचे ४०० रुपये, म्हणजे एका रात्रीचे ४,००० रुपये. सहा रात्रींचे २४,००० झाले. यावर कर असतो. दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो १,२०० रुपये होतो. एकूण निवासखर्च २५,२०० रुपये.

सकाळची न्याहारी खोलीच्या भाड्यात धरलेली आहे. पहिल्या सकाळचा डबा घरूनच घेतला आणि रविवारी रात्रीचे जेवण घरी परतल्यावर होणार आहे. म्हणजे बाहेर सात दुपारची आणि सहा रात्रीची, अशी तेरा जेवणे झाली. चौघांचे प्रत्येकी २०० आणि लहान मुलाचे १०० असे एका वेळेचे ९०० रुपये, म्हणून तेरा वेळांचे ११,७०० रुपये. चहा-पाण्याचे रोज २५० प्रमाणे १,७५० रुपये. भोजनाची बेरीज १३,४५० रुपये.

प्रवेशशुल्कात ताजमहालाचे उदाहरण बोलके आहे. भारतीय नागरिकाला आत जाण्यास ५० रुपये पडतात, पण मुख्य समाधीच्या चौथऱ्यावर जाण्यास आणखी २०० रुपये द्यावे लागतात. पंधरा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. म्हणून तिघांचे १५० नव्हे, तर ७५० रुपये धरावयास हवेत. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. सोमवारी निघाल्याने ती अडचण टळते. इतर ठिकाणांचे मिळून प्रवेशशुल्क २,००० रुपये आणि पेठा, गजक व लहानसहान खरेदीचे २,००० रुपये धरू.

आतापर्यंतच्या पाच बेरजा एकत्र केल्या तर १८,४०० + २५,२०० + १३,४५० + २,००० + २,००० = ६१,०५० रुपये होतात. यात अजून आकस्मिक खर्च धरलेला नाही.

आकस्मिक खर्चासाठी एकूण रकमेच्या दहा टक्के ठेवावेत असा एक प्रघात आहे. येथे ते ६,१०५ रुपये होतील. ही रक्कम पुरेल की नाही, हे काय घडू शकते ते पाहूनच कळते. डिसेंबर-जानेवारीत या मार्गावर दाट धुके पडते. गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, कधी रद्दही होतात. अशा वेळी एक रात्र अधिक थांबावे लागले, तर करासह खोल्यांचे ४,२००, दोन जेवणांचे १,८०० आणि चहा-पाण्याचे २५० असे ६,२५० रुपये लागतील. दहा टक्क्यांची रक्कम एवढ्या एकाच अडचणीलाही अपुरी पडते. थंडीत आजींना डॉक्टरांकडे न्यावे लागले तर त्यासाठी १,५०० रुपये वेगळे. म्हणून ७,७५० रुपयांची राखीव रक्कम हवी. एकूण अंदाज ६८,८०० रुपयांवर गेला. ८,८०० रुपये कमी पडतात.

अशा वेळी बहुतेकांचा हात प्रथम राखीव रकमेकडे जातो, कारण ती अजून कोणालाच द्यायची नसते. पण ती काढल्याने धुके कमी होत नाही. परक्या गावी उसने पैसे मागण्याची वेळ तेवढी जवळ येते. कपात अशा ठिकाणी करावी, जेथे ती रोज मोजली जाते. दोन खोल्यांऐवजी पाच जणांची एक मोठी खोली ३,००० रुपयांत घेतली, तर रात्रीचे १,००० आणि त्यावरील कर असे सहा रात्रींत ६,३०० रुपये वाचतात. खरेदी ५०० रुपयांवर आणली की १,५०० वाचतात. मूळ खर्च ५३,२५० रुपये झाला. खोली स्वस्त झाल्याने जादा रात्रीचा खर्चही ५,२०० रुपयांवर उतरतो आणि राखीव रक्कम ६,७०० पुरते. नवी बेरीज ५९,९५० रुपये. आजींना थंडीत पायपीट करावी लागू नये म्हणून ठेवलेल्या गाड्यांना हात न लावता सहल साठ हजारांत बसली.

निघाल्यावरही हिशेबाची वही बरोबर असावी. तिकिटे आणि खोल्या यांचे आकडे आधीच ठरलेले असतात. घसरतो तो रोजचा खर्च. जेवण व चहा-पाणी यांचे दिवसाला २,०५० रुपये धरले आहेत. तिसऱ्या रात्री वहीत ६,१५० रुपयांहून अधिक आकडा दिसला, तर पुढील चार दिवसांत हात आखडता घ्यावयास हवा हे तेव्हाच कळते. रविवारी कळून उपयोग नसतो.