नाव नंतर विचारा, आधी त्रास विचारा

तालुक्याच्या गावातलं एक पॉलिक्लिनिक डोळ्यांसमोर आणू. फिजिशियन, सर्जन, त्वचारोगतज्ज्ञ असे तीन-चार डॉक्टर एकाच छताखाली बसतात. सकाळी काउंटरवरचा फोन वाजतो.

"हॅलो, एक अपॉइंटमेंट पाहिजे होती."

पलीकडची बाई एवढंच बोलून थांबते. नाव सांगत नाही, डॉक्टर सांगत नाही, वेळही सांगत नाही. यात तिची काही चूक नाही. काय सांगायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. पुढचं सगळं रिसेप्शनिस्ट कोणता प्रश्न आधी विचारते, त्यावर ठरतं.

"कोणते डॉक्टर हवेत?" असं तिने विचारलं, तर बाई अंदाजाने "स्किनचे" म्हणेल. "कधी येता?" असं विचारलं, तर "पुढच्या आठवड्यात चालेल" म्हणेल. रजिस्टरमध्ये नोंद होईल, फोन ठेवला जाईल आणि दोन्ही उत्तरं चुकलेली असतील. म्हणून जाणती रिसेप्शनिस्ट सुरुवात दुसरीकडून करते.

"हो, देते ना. दाखवायचंय कुणाला, तुम्हाला की घरात कुणाला?"
"सासूबाईंना."
"काय होतंय त्यांना?"
"पायाला जखम झालीय. चप्पल लागली होती. भरतच नाहीये."
"किती दिवस झाले?"
"झाले असतील पंधरा-वीस. पण दुखत नाही म्हणतात, घाई नाही तशी."
"शुगर आहे का त्यांना?"
"आहे ना, बरीच वर्षं. गोळ्या चालू आहेत."
"ताप, पू, वास, असं काही? पायाचा रंग बदललाय?"
"ताप नाही. अंगठा जरा काळपट दिसतोय."
"ताई, फोन ठेवू नका. मी आत सरांना विचारून येते."

"दुखत नाही" हे बाईला दिलासा देणारं वाटलं, पण शुगरच्या पेशंटच्या बाबतीत ते तसं नसतं. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसांना इजा होते आणि तिथली संवेदना कमी होते. चप्पल चावलेली कळत नाही, जखम चिघळली तरी ठणकत नाही. रक्तवाहिन्याही अरुंद झालेल्या असतील, तर जखमेला पुरेसं रक्त मिळत नाही आणि ती भरत नाही. बोट काळं पडणं हे तिथला भाग मरत चालल्याचं लक्षण असू शकतं. संसर्ग हाडापर्यंत गेला, तर बोट किंवा पायच काढायची वेळ येऊ शकते. अशा पायाला पुढचा आठवडा परवडत नाही, तो त्याच दिवशी दाखवावा लागतो.

रिसेप्शनिस्टने इथे रोग ओळखला नाही, मलमही सुचवलं नाही. ते तिचं काम नव्हे. डॉक्टरांनी ठरवून दिलेले प्रश्न तिने विचारले आणि उत्तर आत पोचवलं. छातीत दुखतंय आणि घाम फुटलाय किंवा अचानक तोंड वाकडं झालंय, असं कळलं असतं, तर अपॉइंटमेंटचा विषय तिथेच संपला असता. अशा वेळी 108 ला फोन लावून थेट हॉस्पिटल गाठायला सांगायचं असतं.

"ताई, सर म्हणाले आजच आणा. सर्जनसाहेब बघतील. बारा वाजता जमेल की साडेबाराला?"
"साडेबाराला आणते."
"पेशंटचं पूर्ण नाव सांगा, फाइलवर आहे तसं."
"पाटील..."

नुसतं पाटील सांगून भागत नाही, रजिस्टरमध्ये पाटील पानोपानी असतात. म्हणून स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, वय, गाव आणि मोबाइल नंबर विचारला जातो. दुसऱ्याच पाटलांची फाइल टेबलावर गेली, तर त्यांच्या गोळ्या आणि त्यांची अ‍ॅलर्जी डॉक्टरांपुढे येते. वेळ विचारतानाही तिने मोकळा प्रश्न टाकला नाही. दोन वेळा पुढे ठेवल्या की उत्तर लगेच मिळतं. शेवटी ती सगळं परत वाचून दाखवते: आजचा वार, तारीख, साडेबारा, सर्जन, पेशंटचं नाव. सोबत चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि शुगरचा शेवटचा रिपोर्ट आणायला सांगते, आणि त्या पायावर फार चालवू नका, हा डॉक्टरांचा निरोपही देते.

प्रत्येक काउंटरवर हे प्रश्न विचारले जातातच असं नाही. गर्दीच्या वेळी समोर चार माणसं उभी असतात, दुसरा फोन वाजत असतो. तेव्हा आपणच पहिल्या वाक्यात सांगावं: "सासूबाईंना शुगर आहे, पायाची जखम वीस दिवस भरत नाही, अंगठा काळा पडतोय. आज कोण बघेल?" एवढं कानावर पडलं की कोणते डॉक्टर आणि कोणती वेळ, हे काउंटरवरच्या माणसाला नीट ठरवता येतं.